डिग्री नाही, डिप्लोमा आणि अनुभव आहे: सीआयएसएसपीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या सॉक, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्सच्या, आणि नेटवर्कच्या टीममध्ये डिप्लोमावाली, बीकॉमवाली, डिग्री अर्धवट सोडलेली बरीच पोरं पोरी आहेत, आणि त्यांच्याकडून सारखे तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. सगळं मुख्यतः सीआयएसएसपीबद्दल आहे, म्हणजे आयएससी टू या संस्थेचं सिक्युरिटीतलं सर्टिफिकेशन. सीआयएसएम या दुसऱ्या सर्टिफिकेशनवर शेवटाकडे एकच प्रश्न घेतलाय.

माझ्याकडे फक्त डिप्लोमा आहे. सीआयएसएसपी देता येईल का?

येईल. परीक्षेला बसायला डिग्रीची अट नाहीये आणि सर्टिफिकेट मिळायलाही नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं बसवा कारण अर्धे लोक इथेच थांबतात. अट आहे ती अनुभवाची: पाच वर्षांचा पूर्ण वेळ अनुभव, आणि तो परीक्षेतल्या आठ डोमेनपैकी किमान दोन डोमेनमधला पाहिजे. सलग पाच वर्षं पाहिजेत असं नाही, वेगवेगळ्या कंपन्यांमधला तुकड्या तुकड्यांनी जमवलेला चालतो.

डिग्रीचा संबंध येतो तो सवलतीपुरता. कॉम्प्युटर सायन्स, आयटी किंवा त्याच्या जवळच्या विषयातली बॅचलर्स किंवा मास्टर्स असेल तर पाचातलं एक वर्ष माफ होतं, म्हणजे चार वर्षांत काम होतं. डिप्लोमावाल्याला ते एक वर्ष जास्त काम करून भरायचंय, बास, एवढाच फरक. म्हणजे "डिग्रीऐवजी अनुभव" याचा सीआयएसएसपीतला हिशोब फक्त बारा महिन्यांचा आहे.

मग ते एक वर्ष डिग्रीशिवाय वाचवायचा काही मार्ग?

आहे. आयएससी टूची स्वतःची एक मान्य सर्टिफिकेशन्सची यादी आहे, त्यातलं एखादं तुमच्याकडे चालू अवस्थेत असेल तर तेच एक वर्ष तसंच माफ होतं. ही यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोणा सिनियरला कशावर सवलत मिळाली होती त्यावर जाऊ नका, फी भरायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवरची आजची यादी स्वतः उघडून बघा. क्लासवाले जुनी यादी दाखवतात आणि पोरं त्या भरवशावर पैसे भरून मोकळी होतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि एक गोष्ट, सवलत जास्तीत जास्त एकच वर्ष. डिग्रीचं एक आणि सर्टिफिकेशनचं एक असं दोन होत नाही. यादीतली तीन सर्टिफिकेशन्स असली तरी एकच वर्ष.

बीकॉम चालेल का? आणि मुक्त विद्यापीठातून बीसीए करून घेऊ का त्यासाठी?

बीकॉम नाही, विषय आयटीशी संबंधित पाहिजे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, बीई कॉम्प्युटर किंवा आयटी ही त्या विषयातली आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फक्त सीआयएसएसपीसाठी करणार असाल तर करू नका. बीसीएला तीन वर्षं लागतात आणि त्यातून माफी मिळणार एका वर्षाची. ती तीन वर्षं तुम्ही नोकरी करतच असणार, म्हणजे जे एक वर्ष वाचवायला निघालात ते डिग्री हातात यायच्या आत आपोआप भरलेलं असेल. डिग्रीचे दुसरे उपयोग आहेत, एचआरचा फिल्टर, परदेशातला व्हिसा, सरकारी जागा, त्यासाठी जरूर करा, पण ते कारण वेगळं आणि हे वेगळं.

कुठलं काम अनुभव म्हणून धरतात?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठ डोमेन अशी आहेत: सिक्युरिटी आणि रिस्क मॅनेजमेंट, ॲसेट सिक्युरिटी, सिक्युरिटी आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग, कम्युनिकेशन आणि नेटवर्क सिक्युरिटी, आयडेंटिटी आणि ॲक्सेस मॅनेजमेंट, सिक्युरिटी असेसमेंट आणि टेस्टिंग, सिक्युरिटी ऑपरेशन्स, आणि सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट सिक्युरिटी. तुमच्या पदाचं नाव काय आहे याला फारसं महत्त्व नाही. पुण्यातल्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये फायरवॉल बघणाराही सिस्टिम इंजिनिअर आणि टेस्टिंग करणाराही सिस्टिम इंजिनिअर, त्यामुळे नावावरून कोणालाच काही कळत नाही. बघायचं ते हातातलं काम.

फायरवॉलचे रूल तपासून लावणं, व्हीपीएन सांभाळणं, नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडून ठेवणं हे चौथ्या डोमेनमध्ये बसतं. अलर्ट बघणं, त्याची छाननी, इन्सिडंट हाताळणं, पॅचिंग, बॅकअप आणि रिकव्हरी हे सातव्यात. कोणाला कुठला ॲक्सेस द्यायचा, सोडून गेलेल्यांचे अकाउंट बंद करणं, दर तिमाहीचा ॲक्सेस रिव्ह्यू हे पाचव्यात. व्हल्नरेबिलिटी स्कॅन चालवून त्याचे रिपोर्ट करणं, ऑडिटला पुरावे काढून देणं हे सहाव्यात.

बसत नाही ते: प्रिंटर, लॅपटॉपचं फॉरमॅटिंग, आउटलुक उघडत नाही म्हणून आलेली तिकिटं. कोणी म्हणेल की अँटीव्हायरस टाकत होतो ना. महिन्यातून चार लॅपटॉपवर अँटीव्हायरस टाकणं हे तुमचं काम नव्हतं, कामातला एक तुकडा होता, आणि त्यावर अख्खं वर्ष दाखवता येत नाही. पण तुम्ही सगळ्या कंपनीचा अँटीव्हायरस सर्व्हर सांभाळत होता, पॉलिसी लावत होता, आलेले अलर्ट निस्तरत होता, तर ते सातव्या डोमेनचं रोजचं काम झालं आणि ते धरायलाच पाहिजे. डेस्कटॉप सपोर्टमधली पोरं स्वतःचं असं खरं काम पण लिहीत नाहीत, "आम्ही काय साधे सपोर्टवाले" म्हणून सोडून देतात. तसं करू नका, आणि नसलेलं घालूही नका.

मी पाच वर्षं फक्त सॉकमध्ये आहे. दोन डोमेन कुठून आणू?

बहुतेक वेळा दुसरं डोमेन तुमच्याकडे असतंच, फक्त तुम्ही त्याकडे तसं बघितलेलं नसतं. सॉकमधला माणूस साधारण दुसऱ्या तिसऱ्या वर्षापासून व्हल्नरेबिलिटी रिपोर्टचा फॉलोअप घेतो, आयएसओ २७००१ च्या ऑडिटला लॉग काढून देतो, कधी प्रिव्हिलेज्ड अकाउंट कोण वापरतंय त्याचा आढावा घेतो. जुनी तिकिटं आणि अप्रेझलचे फॉर्म काढून बसा आणि वर्षवार लिहा. प्रत्येक डोमेनमध्ये अडीच अडीच वर्षं पाहिजेत असं काही नाही, एकूण पाच वर्षं आणि काम दोन डोमेनमध्ये पसरलेलं, एवढंच.

आणि खरंच फक्त एल-वनवर, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर, अलर्ट पुढे ढकलण्याचंच काम असेल, तर मॅनेजरशी बोलून ॲक्सेस रिव्ह्यू किंवा स्कॅनिंगचं काम मागून घ्या.

महिने नक्की मोजतात कसे?

पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला किमान 35 तास, आणि असे चार आठवडे झाले की एक महिना. वीकेंड शिफ्टवाले विचारतात की आम्ही चारच दिवस येतो, तर चार दिवस नऊ नऊ तास म्हणजे 36, चालतं. उलट रिलीजच्या वेळी आठवड्याला 60 तास बसलात तरी महिन्याचा दीड महिना होत नाही. एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या तरी कॅलेंडरवरचा महिना एकच.

पार्ट टाइमचा हिशोब वेगळा आहे. आठवड्याला 20 ते 34 तास काम असेल तर ते धरतात, आणि 1040 तास म्हणजे सहा महिने, 2080 तास म्हणजे एक वर्ष. समजा भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचं नेटवर्क तुम्ही आठवड्याला 20 तास सांभाळलं, तर 52 आठवड्यांत 1040 तास होतात, म्हणजे वर्षभर काम करून हातात सहा महिने. आठवड्याला 20 च्या खाली असेल तर धरतच नाहीत, त्यामुळे शनिवारी जाऊन दोन तास बघून येतो ते सोडून द्या.

इंटर्नशिप, डिप्लोमानंतरची अप्रेंटिसशिप, यांचं काय?

इंटर्नशिप पगारी असो किंवा बिनपगारी, धरतात, पण कंपनीच्या लेटरहेडवर तसं पत्र पाहिजे आणि काम डोमेनमधलं पाहिजे. अप्रेंटिसशिपमध्ये स्टायपेंड असतो आणि वर्षभराची असते, त्यामुळे डिप्लोमावाल्यांना तिचा मोह होतो. पण तिथेही प्रश्न तोच, काम काय केलं? बोटचं, म्हणजे अप्रेंटिसशिप बोर्डाचं, सर्टिफिकेट तुम्ही कुठल्या काळात कुठल्या आस्थापनेत होतात ते सांगतं, फायरवॉलवर बसला होतात की पीसी जोडत होतात ते सांगत नाही. कामाचं वर्णन असलेलं पत्र त्या कंपनीकडून वेगळं घ्यावं लागेल.

एखादं उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब करून दाखवाल का?

दाखवतो. समजा एक मुलगा आहे, पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा, डिग्री नाही, दुसरं कुठलं सर्टिफिकेशन नाही.

ऑगस्ट 2018 ते जुलै 2019 चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत अप्रेंटिस, काम पीसी आणि प्रिंटरचं. शून्य. त्यानंतर जून 2020 पर्यंत तिथेच कंत्राटावर डेस्कटॉप सपोर्ट. तेही शून्य. वाईट वाटतं, दोन वर्षं जातात, पण खरं आहे ते असंच आहे.

जुलै 2020 ला हिंजवडीत थर्ड पार्टी पेरोलवर नेटवर्क टीममध्ये लागला आणि सप्टेंबर 2022 पर्यंत होता. कागदावर हे 27 महिने होतात आणि पोरं 27 च लिहितात. पण पहिले तीन महिने ट्रेनिंग आणि बेंचवर गेले, क्लायंटचं काम ऑक्टोबर 2020 पासून सुरू झालं. अनुभव कामाचा मोजायचाय, पेरोलवर असण्याचा नाही, म्हणून 24 धरायचे. काम फायरवॉल आणि व्हीपीएन, डोमेन चौथं.

ऑक्टोबर 2022 मध्ये एक महिना गॅप. नोव्हेंबर 2022 पासून खराडीत सॉक ॲनालिस्ट, अजून तिथेच, डोमेन सातवं. मार्च 2025 अखेर परीक्षा पास झाला. नोव्हेंबर 2022 ते मार्च 2025 झाले 29 महिने.

24 आणि 29, एकूण 53. पाहिजेत 60. सात महिने कमी.

आता इथे बरेच लोक घाबरून दोनपैकी एक काहीतरी करतात, एक तर चाकणच्या डेस्कटॉप सपोर्टला सिक्युरिटी सपोर्ट असं नाव देऊन भरून टाकतात, नाहीतर परीक्षा वाया गेली म्हणून बसतात. दोन्हीची गरज नाहीये. परीक्षा पास झाल्यापासून एंडोर्समेंटचा, म्हणजे अनुभव दाखवून तो मान्य करून घेण्याचा, अर्ज पूर्ण करायला नऊ महिने मिळतात, म्हणजे याला डिसेंबर 2025 अखेरपर्यंत. आणि परीक्षेनंतर केलेलं कामही अनुभवात धरतात. सॉकमधली नोकरी चालूच आहे, म्हणजे ऑक्टोबर 2025 अखेर त्याचे 60 महिने भरतात आणि त्यानंतरही हातात दोन महिने उरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकायचा, बास. तोपर्यंत पत्रं गोळा करायची, कारण पत्रांनाच वेळ लागतो.

याच्याकडे मान्य यादीतलं एखादं सर्टिफिकेशन असतं तर 48 महिनेच लागले असते, ते ऑक्टोबर 2024 मध्येच भरले असते आणि परीक्षा पास झाल्या झाल्या अर्ज करता आला असता. म्हणजे त्या एका सर्टिफिकेशनची किंमत या मुलासाठी सात महिने थांबणं एवढी होती. तेवढ्यासाठी वेगळी परीक्षा आणि वेगळी फी परवडते का ते ज्याचं त्याने बघावं, मला विचाराल तर नोकरी चालू असताना फक्त सवलतीसाठी दुसरी परीक्षा देण्यात अर्थ नाही.

आणि नऊ महिन्यांतही भरत नसेल तर?

मग आयएससी टूचे असोसिएट व्हायचं. परीक्षा पास झालेली असते, ती टिकते, आणि पाच वर्षांचा अनुभव जमवायला सहा वर्षं मिळतात. म्हणजे कॉलेजमधून नुकता बाहेर पडलेला माणूसही आधी परीक्षा देऊन मग अनुभव जमवू शकतो. असोसिएटला वर्षाला 50 डॉलर भरावे लागतात आणि वर्षाला 15 सीपीई, म्हणजे शिकत राहिल्याचे, क्रेडिट मिळवावे लागतात.

फक्त असोसिएट असताना स्वतःच्या नावापुढे किंवा लिंक्डइनवर सीआयएसएसपी लावता येत नाही. "सीआयएसएसपी पास" असंही नाही. तुम्ही असोसिएट ऑफ आयएससी टू आहात, तेवढंच लिहायचं. नोकरीसाठी घाई असते हे मला कळतं, पण इथे पकडलं जाणं फार सोपं आहे कारण कोणीही त्यांच्या साइटवर सर्टिफिकेट तपासू शकतं.

एंडोर्समेंट म्हणजे नक्की काय करायचं?

तुमच्या आयएससी टूच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून अर्ज भरायचा. त्यात एकेक नोकरी, सुरुवात आणि शेवटची तारीख, कुठलं डोमेन, काय काम केलं, आणि ते कोण सांगू शकेल त्याची माहिती. मग एंडोर्सर द्यायचा, म्हणजे ज्याचं आयएससी टूचं सर्टिफिकेट चालू आहे असा माणूस जो तुमचं काम ओळखतो आणि तुम्ही लिहिलंय ते खरंय असं सांगू शकतो. तो अर्ज बघून मान्यता देतो, मग आयएससी टू तपासतं, त्याला काही आठवडे जातात. मंजूर झालं की वर्षाची फी 135 डॉलर भरायची आणि मग सर्टिफिकेट.

माझ्या ओळखीत सीआयएसएसपी असलेलं कोणी नाही.

अडत नाही. एंडोर्सर नसेल तर आयएससी टू स्वतः एंडोर्सर होतं, अर्जात तसा पर्याय असतो. फक्त मग कागदपत्रं तेच थेट बघणार, त्यामुळे ती नीट पाहिजेत.

पण आधी ऑफिसमध्ये विचारा. क्लायंटच्या बाजूचा सिक्युरिटी मॅनेजर, दुसऱ्या मजल्यावरची ऑडिट टीम, कोणीतरी निघतंच. सीआयएसएम देणारी संस्था म्हणजे आयसाका, तिचं पुणे चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना येणाऱ्यांतही बऱ्याच जणांकडे दोन्ही सर्टिफिकेट्स असतात. मात्र अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत "सर मला एंडोर्स करा" म्हणू नका, तो स्वतःच्या सर्टिफिकेटच्या जबाबदारीवर सही करतोय. पत्रं दाखवा, काम समजावून सांगा, त्याला प्रश्न विचारू द्या.

एक्सपिरियन्स लेटरमध्ये फक्त तारखा आणि पद आहे. पुरेल?

तुम्ही तिथे होता एवढं सिद्ध होईल, काय करत होता ते नाही. आणि डिग्री नसलेल्या माणसाला एकेक महिना मोजून दाखवायचा असतो, म्हणून त्याच्यासाठी हे पत्र जास्त महत्त्वाचं.

एचआरचं ठरलेलं रिलीव्हिंग लेटर वेगळं आणि कामाचं पत्र वेगळं. कामाचं पत्र लेटरहेडवर, तुमच्या मॅनेजरच्या सहीने, त्यात तारखा, पूर्ण वेळ होता हे, आणि चार पाच ओळी कामाच्या. या ओळींचा मसुदा इंग्रजीत तुम्हीच करून द्या, मॅनेजरला लिहायला वेळ नसतो आणि तो लिहील तर "नेटवर्क आणि सिक्युरिटी सपोर्ट दिला" असं एका वाक्यात संपवेल. त्या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा की फायरवॉल रूल बदलायच्या विनंत्या धोक्याच्या दृष्टीने तपासून अंमलात आणल्या, न वापरलेले रूल दर तिमाहीला काढले, बाहेरून काम करणाऱ्यांचं व्हीपीएन आणि त्याचं दोन पायऱ्यांचं लॉगिन सांभाळलं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे चौथं डोमेन आहे.

डोमेनच्या माहितीपत्रकातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. सगळ्या आठ डोमेनचं काम एका एल-वन इंजिनिअरने केलं असं पत्र आलं की वाचणाऱ्याला शंका येणारच.

थर्ड पार्टी पेरोलवर होतो. पत्र कोणाकडून?

पुण्यात हा प्रश्न खूप जणांना येतो. पगार एका कंपनीचा, काम दुसऱ्या कंपनीत, आणि बऱ्याचदा मधे अजून एक वेंडर. पेरोल कंपनीच्या एचआरने तुम्हाला कधी बघितलेलं पण नसतं, ते तारखा आणि पगार सांगू शकतात. काम माहिती असतं ते क्लायंटकडच्या टीम लीडला, पण क्लायंट कंपनी बाहेरच्या माणसाला लेटरहेड द्यायला सहसा तयार नसते.

त्यामुळे दोन्ही बाजूंनी जुळवायचं. पेरोल कंपनीकडून नोकरीचं पत्र घ्या आणि त्यात कुठल्या क्लायंटकडे, कुठल्या कामावर नेमलं होतं ते घालून घ्या, डिप्लॉयमेंट लेटर किंवा वर्क ऑर्डरची ईमेल असते त्यांच्याकडे, त्यावरून ते लिहू शकतात. आणि काम सांगणारा माणूस म्हणून क्लायंटकडच्या टीम लीडचं नाव आणि ऑफिसचा ईमेल द्या, त्याला आधी कल्पना देऊन. क्लायंटच्या सिस्टिमचे स्क्रीनशॉट, तिकिटांचे एक्स्पोर्ट, रूलची यादी असलं काहीही पुरावा म्हणून जोडू नका, ते गोपनीयतेच्या कराराचं सरळ उल्लंघन होतं आणि सिक्युरिटीचं सर्टिफिकेट मागताना तर अजिबातच नको.

जुनी कंपनी बंद पडली किंवा मॅनेजर सोडून गेला.

मॅनेजर सोडून गेला असेल तर तो जुन्या लेटरहेडवर सही करू शकत नाही, पण तुमचं काम माहिती असलेला माणूस म्हणून त्याचं नाव देता येतं, आणि त्याच्याकडे सीआयएसएसपी असेल तर तोच उत्तम एंडोर्सर. कंपनीत आता जे कोणी एचआरला आहेत त्यांच्याकडून तारखांचं पत्र घ्या.

कंपनीच बंद असेल तर ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, फॉर्म 16, आणि पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी एकत्र ठेवा, त्यात आस्थापनेचं नाव, जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख येते. तुमच्या अर्जातली तारीख पीएफच्या तारखेशी जुळते का ते तपासाच, कारण बऱ्याच छोट्या कंपन्या पीएफ दोन तीन महिने उशिरा चालू करतात आणि मग दोन कागदांवर दोन तारखा दिसतात. तसं असेल तर पहिल्या महिन्याची सॅलरी स्लिप जोडून अर्जात कारण लिहून टाका. कामाचं वर्णन यातल्या कशातच नसतं, ते तुमच्या तेव्हाच्या लीडने सांगितलं तरच भक्कम होतं.

थोडं वाढवून लिहिलं तर कोण बघतंय?

काही अर्ज ऑडिटला काढले जातात, तेव्हा जास्तीचे कागद मागतात आणि दिलेल्या माणसांशी संपर्क करतात. खोटं निघालं तर सर्टिफिकेट मिळत नाही किंवा दिलेलं काढून घेतात. अर्ज करताना तुम्ही त्यांच्या नीतिनियमांना मान्यता दिलेली असते. आणि तुमच्या एंडोर्सरलाही त्याची झळ बसते, त्याने तुमच्या शब्दावर सही केलेली असते. सात महिने कमी पडत असतील तर सात महिने थांबा, वर दाखवलंय तसं बऱ्याचदा नऊ महिन्यांच्या आतच बसतं.

सीआयएसएसपी म्हणजे मास्टर्सच्या बरोबरीचं, असा मेसेज फिरतोय. मग डिग्रीची गरजच संपली का?

त्यात खरं एवढं आहे की 2020 मध्ये ब्रिटनमधल्या यूके नारिक या संस्थेने सीआयएसएसपीची पातळी तिथल्या पात्रता चौकटीत लेव्हल 7 शी तुलना करण्यासारखी ठरवली, आणि मास्टर्स पण त्याच लेव्हलला असते. पातळी तीच, याचा अर्थ सीआयएसएसपी ही डिग्री झाली असा नाही. यावर तुम्हाला पीएचडीला प्रवेश मिळत नाही, आणि जाहिरातीत "किमान पदवीधर" लिहिलं असेल तर एचआरच्या सॉफ्टवेअरमधला तो रकाना रिकामाच राहतो.

पुण्यातल्या कंपन्यांत काय होतं की फ्रेशरच्या भरतीला डिग्रीची अट कडक असते, पण सात आठ वर्षं अनुभवाच्या सिक्युरिटीच्या जागांना टेक्निकल मॅनेजर स्वतः प्रोफाइल मागतो आणि तिथे डिप्लोमा अधिक सीआयएसएसपी चालून जातं. पोर्टलवरून अर्ज टाकत बसण्यापेक्षा ओळखीतून रेफरल घेतलेलं बरं, रेफरलमध्ये माणूस प्रोफाइल वाचतो.

आणि सीआयएसएम? तिथे डिग्रीशिवाय काय होतं?

सीआयएसएम आयसाकाचं, मॅनेजमेंटकडे झुकलेलं. तिथेही पाच वर्षं, पण इन्फर्मेशन सिक्युरिटी मॅनेजमेंटची, म्हणजे सॉकमध्ये अलर्ट बघितले ते इथे धरत नाहीत, टीम, रिस्क, पॉलिसी, इन्सिडंटचं व्यवस्थापन असं काम पाहिजे. अनुभव अर्जाच्या आधीच्या दहा वर्षांतला लागतो आणि परीक्षा पास झाल्यापासून पाच वर्षांत अर्ज करायचा असतो.

दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते आणि ती ज्या ज्या गोष्टींवर मिळते त्यात पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री आहे तसं चालू असलेलं सीआयएसएसपीही आहे. म्हणजे ज्याच्याकडे डिग्री नाही त्याने आधी सीआयएसएसपी घेतलं की सीआयएसएमला त्याला एमटेकवाल्याइतकीच दोन वर्षांची सूट आहे. डिप्लोमावाल्यांसाठी म्हणून मी हाच क्रम सुचवतो, आधी सीआयएसएसपी, मग टीम लीड झाल्यावर सीआयएसएम. उरलेली तीन वर्षं मात्र खऱ्या मॅनेजमेंटच्या कामाची, ती कशानेच माफ होत नाहीत.

पत्रं कधी मागायला सुरुवात करू?

परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी. आणि इथून पुढे कुठलीही नोकरी सोडताना नोटीस पिरियडमध्येच, मॅनेजर समोर बसलेला असतो आणि तुमचं काम त्याला आठवत असतं तेव्हा, कामाचं पत्र सही करून घ्या. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा केल्यानंतर ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि मग एचआरच्या हेल्पडेस्कला तिकीट टाकून वाट बघावी लागते.

मंजूर झाल्यावर पुन्हा कधी अनुभव दाखवावा लागतो का?

नाही, अनुभव एकदाच. नंतर दर तीन वर्षांत 120 सीपीई क्रेडिट आणि दरवर्षीची फी. दोन्ही वेळेवर भरत राहिलात तर परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.